मूठभर आणि मुठीएवढं

*ताई, माझ्या मिस्टरांना दोन महिन्यांपूर्वी शुगर निघाली. आहारतज्ज्ञांनी कागद दिलाय : एका जेवणाला गव्हाचं पीठ 60 ग्रॅम, तांदूळ 30 ग्रॅम, डाळ 30 ग्रॅम, दिवसाला तेल 4 चमचे. घरात वजनकाटा नाही. आणू म्हटलं तर सासूबाई म्हणतात, अन्न असं तोलून-मापून वाढू नये. मोबाइलवर हाताच्या मापांचा तक्ता मिळाला, त्यात भात ‘एक मूठ’ आहे, तो तर ताटात डोंगरासारखा दिसतो. स्वयंपाक सासूबाईच करतात. आम्ही चौघं : त्या, आम्ही दोघं आणि कॉलेजातला मुलगा. तेलाचा 5 लिटरचा डबा महिनाभर जातो. काट्याशिवाय हे जमवायचं कसं? — एक वाचक, मिरज*

ताई, तो तक्ता चुकीचा नाही, आपल्याकडे त्याचा अर्थ चुकतो. आपण ‘मूठभर तांदूळ’ म्हणतो तेव्हा मुठीत मावतील तेवढे कच्चे दाणे डोळ्यापुढे असतात. तक्त्यातली मूठ म्हणजे बंद मुठीच्या बाहेरच्या आकाराएवढा ढीग, आणि तोही शिजलेल्या भाताचा. काठोकाठ भरलेल्या पातेल्यात मनगटापर्यंत मूठ बुडवून सांडलेलं पाणी मोजलंत, तर बाईच्या हाताचं साधारण पाव लिटर निघेल, पुरुषाच्या हाताचं त्याहून जास्त. पाव लिटर भात म्हणजे जवळपास 55 ते 60 ग्रॅम कच्चे तांदूळ. तुमच्या कागदावरच्या तिसाच्या जवळजवळ दुप्पट! डोंगर दिसला तो खराच होता.

तुमच्या कागदावर पोळी, भात, वरण असं लिहिलेलं नाही; पीठ, तांदूळ, डाळ लिहिलंय. असे कागद बहुतेक कच्च्या वजनाचेच असतात (एकदा फोन करून खात्री करून घ्या). म्हणजे मोजायची जागा ताट नव्हे, डबा. कच्चं मोजायचं आणि शिजल्यावर नुसते वाटे करायचे. आमटीत पाणी किती घातलं, भात मोकळा झाला की गिचका, यांचा हिशोबच मग करावा लागत नाही. आणि सासूबाईंसमोर कुणाच्या ताटातलं मोजायची वेळ येत नाही, हा फायदा वेगळा.

आधी चमचा. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंना मी तीन चमचे तेल लिहून दिलं होतं. दोन महिने त्यांनी इमानेइतबारे तीनच घातलं आणि वजन जागचं हललं नाही. शेवटी म्हटलं, चमचा घेऊन या. त्यांनी पिशवीतून काढली ती तेलाच्या भांड्यातली पळी. एका पळीत चार चमचे तेल मावत होतं. चूक माझी होती. कुठला चमचा, हे मी लिहिलंच नव्हतं. आहाराच्या कागदावरचा चमचा म्हणजे सहसा 5 मिलीचा. आपल्या घरात मिसळणाच्या डब्यातला चमचा दोन-तीन मिलीचा असतो, चहाचा चार-पाचाचा, पोह्याचा आठ-दहाचा, आणि पळीचं तर काही सांगताच येत नाही.

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं टोपण घरात असेलच. त्यावर 5 आणि 10 मिलीच्या रेघा असतात. 10 च्या रेघेपर्यंत पाणी भरायला तुमचे कुठले चमचे किती लागतात ते मोजा. दोन लागले तर तो तुमचा चमचा. त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधा आणि तो तेलाच्या भांड्यातच ठेवा, पळी तिथून उचला. एक चमचा तेल म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, उष्मांक चाळीसेक.

पण खरं सांगू का, तेल रोज चमच्याने मोजायच्या भानगडीत मी फार पडणार नाही. फोडणीच्या घाईत चमचे मोजले जात नाहीत, आणि सासूबाईंच्या हातावर नजर ठेवून उभं राहणं तर नकोच. तुम्ही आकडा स्वतःच दिलाय : महिन्याला 5 लिटर. तीस दिवसांनी भागलं तर रोजचं 166 मिली, चौघांत वाटलं तर माणशी 41 मिली, म्हणजे आठ चमचे. त्यातून तळणीचं टाकून दिलेलं आणि पाहुण्यांचं थोडं वजा करा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत 2000 उष्मांकांच्या आहाराला दिवसाचं तेल-तूप 27 ग्रॅम, म्हणजे सहा चमचे, धरलंय. तुमच्या मिस्टरांना चार सांगितलेत, कारण त्यांचा एकूण आहार कमी उष्मांकांचा ठरवला असणार.

आठावरून चारावर एकदम उडी मारू नका, दुसऱ्याच दिवशी घरात तंटा होईल. आधी सहा. चौघांचे दिवसाचे 24 चमचे, म्हणजे 120 मिली, आठवड्याचे 840. रविवारी लिटरच्या रिकाम्या बाटलीत तेवढं तेल काढायचं, बाटलीवर खूण करायची आणि डबा वरच्या फळीवर ठेवून द्यायचा. बाटली शुक्रवारीच संपली तर कुणी काही बोलायची गरज नाही, ती रिकामी दिसतेच. दोन-तीन आठवड्यांनी खूण 700 वर आणा, मग 560 वर. 560 म्हणजे माणशी चार चमचे. मुलाला एवढं पुरणार नाही. त्याच्या ताटात वेगळं तूप वाढा.

हे तेल जातं कुठे, तेही बघा. घडीच्या पोळीला आत बोट फिरवतो, वरून पुन्हा लावतो. एका पोळीत सहज अर्धा ते एक चमचा जातो. दोन पोळ्यांतच त्यांच्या चारांतला एक किंवा दोन चमचे संपले. दुसरी जागा दाण्याचं कूट. तुमच्या भागात कूट घातल्याशिवाय भाजी उतरत नाही, मला माहीत आहे. पण दाण्याच्या वजनाच्या जवळपास निम्मं तेलच असतं. पोह्याच्या चमच्याने दोन शीग लावून चमचे कूट एकाच्या वाट्याला आलं, तर त्यातून दीड-दोन चमचे तेल पोटात गेलं, आणि बाटलीत ते दिसतही नाही. कूट सपाट चमच्याने घ्या. कोरड्या जिन्नसात शीग लावली की माप दुपटीला टेकतं.

आता पीठ. अंदाज इथे सगळ्यात जास्त फसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वाण्याकडून गव्हाचं पीठ बरोबर अर्धा किलो तोलून आणा; काटा त्याच्याकडे आहेच, तो वापरा. घरातली एक वाटी ठरवा. न दाबता, न आपटता पीठ भरा, वरून सुरीची पाठ फिरवून सपाट करा आणि अर्ध्या किलोच्या किती वाट्या होतात ते मोजा. समजा साडेसहा झाल्या. म्हणजे तुमच्या वाटीत 77 ग्रॅम पीठ मावतं. (वाटी आपटून भरली तर आकडा बदलेल, म्हणून रोज तशीच भरायची.) समजा सासूबाई एका जेवणाला तीन वाट्यांची कणीक भिजवतात. ते झालं 230 ग्रॅम. त्यात त्यांच्या सहा पोळ्या होत असतील तर एका पोळीत 38 ग्रॅम, म्हणजे तुमच्या मिस्टरांची दीड पोळी. आता त्याच कणकेचे आठ गोळे करायला सांगा. एका पोळीत 29 ग्रॅम येतील आणि दोन पोळ्यांत 58. ताटात दोन पोळ्या वाढल्या जातील आणि कागदही पाळला जाईल. अर्धी पोळी वाढून घेणं आपल्याकडे कुणालाच जमत नाही. उरलेली अर्धी कुणाच्या तरी पोटात जातेच, बहुतेक त्यांच्याच.

इथे गोळे मोजायचे, आकार बघायचा नाही. त्याचं कारण गंमतशीर आहे. सहातला गोळा आणि आठातला गोळा शेजारी ठेवलात, तर पहिल्यात दुसऱ्यापेक्षा एक तृतीयांश कणीक जास्त असते, पण रुंदीत फरक असतो जेमतेम दहाव्या हिश्शाचा. चार मिलिमीटर. एवढा फरक डोळ्याला कळत नाही. म्हणूनच ‘मी कायम लिंबाएवढाच गोळा घेते’ म्हणणाऱ्या बाईच्या पोळ्या दोन-तीन महिन्यांत वाढलेल्या असतात आणि तिला पत्ता नसतो. लाटल्यावर फरक थोडा बरा दिसतो : लहान गोळ्याची पोळी 15 सेंटीमीटरची झाली, तर त्याच जाडीची मोठी सव्वासतरा होते. पहिल्या दिवशी आठातली एक पोळी तुमच्या हातावर ठेवून बघा. मनगटापासून कुठल्या बोटाच्या कुठल्या पेरापर्यंत आली, ते लक्षात ठेवा. पुढे कधीही शंका आली की हात ठेवला की झालं. हाताचं माप असं वापरायचं असतं : तक्त्यातल्या अनोळखी हाताचं नव्हे, आपल्या हाताचं, एकदा तपासून घेतलेलं.

ज्वारीची भाकरी असेल त्या दिवशी हिशोब सोपा आहे. एका मध्यम भाकरीत साठेक ग्रॅम पीठ सहज जातं. म्हणजे एक भाकरी, आणि पोळी नाही. पण ज्वारीचं पीठ वाटीत गव्हासारखंच बसेल असं धरू नका, त्याच्या वाट्या वेगळ्या मोजा.

तांदळाला मात्र मूठच चांगली, आपली मूठ. ती कुणाची, हे महत्त्वाचं. तुमच्या मिस्टरांची नाही, तुमचीही नाही. डब्यात जो हात जातो त्याची, म्हणजे सासूबाईंची. अर्धा किलो तांदूळ परातीत ओता आणि त्यांना रोजच्यासारख्या मुठी घेऊन डब्यात टाकायला सांगा. चौदा मुठी झाल्या तर एका मुठीत 36 ग्रॅम. मग मिस्टरांच्या वाट्याची मूठ जरा सैल घ्यायची, ती तिसाच्या आसपास येईल. ‘माणशी एक मूठ’ हे जुनं माप काही उगाच आलेलं नाही.

त्या 30 ग्रॅमचा भात शिजून 80-90 ग्रॅम होतो. मध्यम, दीडशे मिलीच्या वाटीत सैल भरला तर वाटी जवळपास भरते, दाबून भरला तर पाऊणच. म्हणून मुदीपासून सावध राहा. वाटीत दाबून पाडलेली मूद ताटात इवलीशी दिसते, पण तिच्यात चाळिसेक ग्रॅम तांदूळ बसलेले असतात. त्यांच्या ताटात भात मोकळाच वाढा. दुसऱ्यांदा भात घ्यायची सवय असेल तर पहिल्यांदा अर्धाच वाढा, म्हणजे ‘थोडा भात द्या’ हे वाक्य म्हणायला त्यांना वाव राहील.

डाळीचं माप तर तुमच्या घरात आयतंच आहे. दीडशे मिलीच्या वाटीत सपाट भरून तुरीची डाळ सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बसते, आणि चौघांची माणशी 30 ग्रॅम म्हणजे 120. एका जेवणाला एक वाटी डाळ, संपला हिशोब. हल्ली मला बऱ्याच घरांत उलटं दिसतं : शुगर निघाली की पोळी-भात कमी करतात आणि डाळ आहे तेवढीच ठेवतात, तीही चौघांत अर्धी वाटी. मग ताटात ‘वाटीभर आमटी’ असते, पण त्या वाटीत डाळ असते पंधरा ग्रॅम आणि बाकी पाणी. माणूस दोन तासांत भुकेला होतो आणि फरसाणाचा डबा उघडतो. 30 ग्रॅम डाळीतून सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, ती त्यांच्या वाट्याला पूर्ण यायला हवीत. वाढताना आमटी तळापासून ढवळा. डाळ खाली बसते. वरची पातळ आमटी पहिल्या माणसाला आणि तळची घट्ट शेवटच्याला, म्हणजे बहुधा तुम्हाला, असं होतं.

ताटातल्या हाताच्या मापाचं काम उरलं ते दोनच ठिकाणी. कोशिंबीर आणि पालेभाजी, फळभाजी मिळून दोन्ही हातांच्या ओंजळीएवढी. यात जास्त झालं तरी बिघडत नाही, फक्त बटाटा, रताळं, सुरण भाजीत धरू नका, ते भाताच्या खात्यात. चिकन किंवा मासा असेल त्या दिवशी बोटं सोडून तळहाताएवढा आणि तेवढाच जाड तुकडा, खाणाऱ्याच्या हाताचा. रश्श्यावरचा कट मुलाच्या वाटीत जाऊ द्या.

सासूबाईंचं म्हणायचं, तर त्यांना काटा दाखवू नका, चिपटं मागा. त्यांच्या माहेरी शेर, मापटं, चिपटं नक्की असणार : दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मापाशिवाय त्यांच्या पिढीत एक दाणा कणगीबाहेर पडला नाही. ताटातलं मोजू नये, एवढंच त्यांचं म्हणणं आहे आणि त्यात मी त्यांच्या बाजूने आहे. माळ्यावर एखादं पितळी चिपटं निघालं तर वाटीऐवजी तेच वापरा. फक्त अर्ध्या किलोची परीक्षा त्याचीही घ्या, सगळी चिपटी सारखी नसतात.

हे सगळं अंदाजाचंच आहे. पीठ ओलसर असेल, मूठ घट्ट होईल, पाच-सात ग्रॅम इकडे-तिकडे होणारच. गोळ्या आणि आहार यांवर शुगर सांभाळणाऱ्या माणसाला तेवढं चालतं, कारण रोजची चूक साधारण एकसारखी असते. पण त्यांना जेवणातल्या कर्बोदकांवर हिशोब करून इन्सुलिन घ्यायला सांगितलं असेल, तर मात्र मूठ-वाटी सोडा आणि काटा आणा. दुसरं, काही गोळ्या शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. त्या चालू असताना भात-पोळी एकदम निम्म्यावर आणली तर साखर जास्तच खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, एकदम भूक लागते. तसं झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि डॉक्टरांना कळवा. खरं तर मापं बदलण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्या, गोळीचा डोस बदलावा लागेल.

मापं सुटायला लागली हे कळायला एक सोपी खूण आहे. ठरावीक जेवण ठेवा : दोन पोळ्या, एका मुठीचा भात, आमटी, एक भाजी. पंधरा दिवसांतून एकदा ते जेवण झालं की पहिल्या घासापासून दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर बघा आणि कॅलेंडरवर लिहा. जेवण तेच, गोळी तीच, तब्येत ठणठणीत, आणि आकडा सलग दोनदा वर गेला, तर डॉक्टरांकडे जायच्या आधी कणकेचे गोळे मोजा. माझ्या अनुभवात आठाचे सात झालेले असतात.